घोटीचा नाका एकाच मिनिटात दोनदा

द्राक्षाच्या व्यापाऱ्याने मला फसवलं. सिझनभराचा शब्द देऊन एका महिन्यात मोडला. तो मोडायला लागणारी हत्यारं मीच त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली, हा भाग मी घरी सांगत नाही, इथे सांगतो.

माझा टेम्पो आहे, चालवतोही मीच. निफाडहून द्राक्षाच्या पेट्या भरायच्या, नाशिक ओलांडून वाशीच्या मार्केटला टाकायच्या आणि रिकामं परत यायचं. वाटेत घोटी आणि पडघा असे दोन टोलनाके. सिझनच्या सुरुवातीला शेठ म्हणाले, "टोलचं स्टेटमेंट दाखवा आणि जेवढा कापला तेवढा घ्या." मला वाटलं, यात काहीतरी डाव आहे. मी दीड तास घासाघीस करून फेरीला टोलचे उक्ते हजार मिळवले, सिझन संपेपर्यंत. परतताना स्वतःलाच चहा पाजला.

महिना संपला. फास्टॅगचं रिचार्ज सारखं संपत होतं, म्हणून शंका आली. स्टेटमेंटची पीडीएफ पासवर्ड मागत होती, आणि पासवर्ड मागणाऱ्याशी माझं जमत नाही. म्हणून अ‍ॅपमधल्या यादीचेच स्क्रीनशॉट काढले. एकही ओळ सुटू नये म्हणून यादी जपून, थोडीथोडीच वर सरकवली. बारा स्क्रीनशॉट झाले. कॅल्क्युलेटरवर एकेक आकडा मारत गेलो. चौदा हजार पाचशे नव्वद! मिळाले होते बारा फेऱ्यांचे बारा हजार. म्हणजे दोन हजार पाचशे नव्वद रुपये मी खिशातून घातले होते.

निफाडला शेठच्या ऑफिसात मी नमस्कारही न करता शिरलो. "शेठ, आजपासून तुमचे ते हजार बंद! स्टेटमेंटप्रमाणे द्या. आणि मागचा फरक आत्ता."

शेठ द्राक्षाचा घड तोलत होते. म्हणाले, "बसा तर खरं. बाईंना दाखवा."

हिशेब ठेवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझा मोबाइल घेतला आणि फोटो सरकवायला लागल्या. तिसऱ्या फोटोवर थांबल्या.

"काका, मंगळवारी पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी घोटीला दोनदा टोल भरलात?"

"कापला असेल त्यांनी दोनदा! चोर आहेत सगळे."

"दोन्ही ओळींना व्यवहाराचा नंबरही एकच आहे. एक ओळ या फोटोत सगळ्यात खाली, तीच पुढच्या फोटोत वर. का तुम्ही नाक्यावर गाडी पुढे-मागे करत होतात?"

शेठच्या हातातला घड हलायला लागला.

प्रत्येक फोटोच्या शेवटच्या दोन ओळी मी पुढच्या फोटोत पुन्हा धरल्या होत्या. एकही ओळ सुटली नव्हती, हे खरंच. बाईंनी बावीस ओळी खोडल्या. मग यादी खालून वर वाचत, कारण नवी नोंद वर असते, त्यांनी चार-चार ओळींची एकेक फेरी जुळवली: घोटी, पडघा, पडघा, घोटी.

"चोवीस तासांत परत आलात की येताना निम्माच कापलाय. अशा नऊ फेऱ्या, सातशे ऐंशीच्या. माल उतरायला उशीर झाला त्या तीन, एक हजार चाळीसच्या. फेऱ्यांचे झाले दहा हजार एकशे चाळीस. महिन्याचा खर्च बघाल तर त्यात दोनशे साठ कमी, कारण शेवटच्या फेरीचा परतीचा टोल पुढच्या महिन्याच्या एक तारखेचा आहे."

मी मनात वजाबाकी केली. ही मात्र पहिल्या फटक्यात बरोबर आली. महिन्याला अठराशे साठ रुपये मला वर सुटत होते. मला पत्ता नव्हता, शेठनाही नव्हता.

मी मोबाइल उचलला. "जाऊ द्या शेठ. माणूस आहे, चुकतो. आपलं हजाराचंच बरं."

"छे छे," शेठ म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, स्टेटमेंटप्रमाणे? तुमचं मन कशाला मोडू? मागचे राहू द्या तुमच्याकडे. बाई, यांची पीडीएफ उघडून द्या, म्हणजे फोटोंचा त्रास नको."

पासवर्ड माझीच जन्मतारीख निघाला.

त्या दिवसापासून टोल पै न पै मिळतो आणि वर काही सुटत नाही. टेम्पोच्या हप्त्याला हातभार लागला असता, तो गेला. माझी बेरीज चुकली, मान्य. तोंड सुटलं, तेही मान्य. पण शब्द बेरजेवर दिला नव्हता, सिझनवर दिला होता, आणि सिझनचे दोन महिने बाकी होते. माझ्या घासाघिशीला दाद द्यायला दीड तास घेणारा माणूस माझं रागातलं एक वाक्य मात्र लगेच धरतो, हा कुठला व्यवहार? शेठ, याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. बाईंना पुढे करू नका.