आठ गोधड्यांचा नेम

आठ गोधड्या पुऱ्या होईस्तोवर एकही विकायची नाही, असा नेम मी एकदा धरला होता. आता तुम्ही म्हणाल, हा कुठला नेम? कुठल्या पोथीत आहे? कुठल्याच नाही हो! तीच तर गंमत आहे. चहा घ्या आधी, मग सांगते माझं शहाणपण.

मी हातानं गोधडी शिवते. मशीन नाही. जुन्या मऊ साड्यांचे थर, वरून कतरणीची, म्हणजे शिलाईतून उरलेल्या तुकड्यांची नक्षी, आणि सगळीकडून बारीक धावदोरा. एका गोधडीला महिना जातो. चार वर्षं शिवत होते आणि चार वर्षं नातेवाइकांना वाटत होते. "वा, काय हात आहे!" म्हणायचे आणि घडी घालून घेऊन जायचे.

एक दिवस आमचे हे म्हणाले, "अगं, मशीनवर उशांचे अभ्रे शिव. एका दिवसात डझनभर होतील. ह्या सुईनं काय व्हायचंय?"

बोलले ते प्रेमानंच. पण मला लागलं. खरंच काही व्हायचं नसेल तर सुई ठेवून द्यावी, असं मनात आलं. पण हे विचारायचं कुणाला? देवाला विचारलं. देव हसतमुख, पण बोलेना.

तेवढ्यात लातूरला बहिणीकडे जाणं झालं. तिची लेक राणी टॅरो शिकलेली. चित्रांची कार्डं घेऊन बसते, पोरीबाळी येऊन विचारतात. मी म्हटलं, "राणे, माझं बघ गं. हळूहळू करून राहिले, त्याचं चीज होईल का न्हाई?"

"मावशी, होईल का न्हाई असं नको विचारू. मी काय करू, असं विचार. कार्ड रस्ता दाखवतं, निकाल सांगत न्हाई."

बरं बाई. मनात प्रश्न धरून कार्डं पिसली, तीन ढीग केले, पुन्हा एकत्र केले आणि वरचं उचललं. उचलण्याआधी नमस्कार केला. राणी हसली, पण मी कुठलंही काम नमस्काराशिवाय करत नाही.

बघते तर काय! एक पोरगा बाकड्यावर बसलाय, कपडे मळू नयेत म्हणून पुढं कातडं बांधलेलं, एका हातात हातोडी, एका हातात छिन्नी. सोन्याच्या चकतीवर चांदणी कोरतोय. झालेल्या चकत्या खांबावर टांगलेल्या. लांब मागं एक गाव दिसतंय. सगळ्या चकत्या मिळून आठ.

"एट ऑफ पेंटॅकल्स!" राणी खूश. "मावशी, कारागिराला ह्याच्याहून चांगलं कार्ड न्हाई. हा शिकणारा माणूस हाय. एकेक चकती मन लावून करतो. सातव्या कार्डात माणूस पिकाकडं बघत थांबलेला असतो, नवव्यात सुखानं बागेत उभी असलेली बाई असते. हे आठवं मधलं. हात बसायचं, सराव करायचं…"

ती बोलत होती. पण माझे कान 'आठ' ह्या शब्दाला चिकटले ते चिकटलेच. सोळा सोमवार, एकवीस मोदक, अकरा प्रदक्षिणा करणारी बाई मी! आठ म्हटल्यावर मला पुढचं ऐकायची गरजच काय?

"राणे, ह्याला उपवास कोणत्या वारी?"

"कशाला उपवास?"

"बरं, मी माझं बघते."

नांदेडला घरी येऊन नेम मांडला. आठ गोधड्या. उद्यापन होईस्तोवर विकायची नाही, कुणाला दाखवायचीसुद्धा नाही. कारण संकल्पातली वस्तू आधीच दिली तर पुण्य कसं लागेल? कार्डाचा फोटो देवघरात ठेवला, हळदकुंकू वाहिलं. झालेली प्रत्येक गोधडी ट्रंकेत, वर डांबरगोळी.

तिसरी गोधडी सुरू असताना शेजारच्या शहनाजआपा आल्या. त्यांच्या घरचं शिलाईचं दुकान, कतरण त्याच देतात मला. त्यांच्या लेकीला हदगावला बाळ झालेलं.

"ताई, एक गोधडी द्या ना. बाजारातलं ब्लँकेट टोचतं बाळाला."

"आपा, आठ झाल्याशिवाय न्हाई हो."

"आठ? मला एकच पायजे!"

"नेम हाय."

"मग जास्त पैसे घ्या."

"पैशाचं न्हाई आपा, संकल्पाचं हाय."

बिचाऱ्या डोळे विस्फारून माझ्याकडं बघत गेल्या. पण मोहल्ल्यात काय बोलल्या कोण जाणे! दुसऱ्या आठवड्यात एक बाई आली. "तुमच्याकडं मंतरलेल्या गोधड्या हायत म्हणे? माझ्या नातवाचं पोट दुखतंय." पुढच्या आठवड्यात दोघी आल्या, ट्रंकेला नुसता हात लावून गेल्या! एकीनं वर फूल ठेवलं. ह्यांनी घरी आल्यावर विचारलं, "देव कधीपासून ट्रंकेत राहायला गेले?"

मला मात्र वाटलं, बघा, प्रचिती यायला लागली!

आणि नेम पुरा करायची घाई झाली. पहिल्या गोधडीला टाके इतके बारीक की मुंगी मोजत जाईल. पाचवीला जरा लांब. आठवीला? बैल ढांगा टाकत चाललाय, असे! पण आकडा भरला ना? झालं तर.

उद्यापनाला पुरणपोळी केली, राणीला लातूरहून बोलावलं. शहनाजआपांनाही बोलावलं, कतरण त्यांचीच म्हणून. सगळ्यांदेखत ट्रंक उघडली. डांबरगोळीच्या वासानं आपांना शिंका.

"राणे, आठ पुऱ्या! आता चीज होईल ना?"

राणीनं कपाळाला हात लावला. "मावशी, आठ कर असं मी कवा म्हटलं?"

"कार्डात आठ न्हाईत का?"

"अगं, कार्डातला माणूस बघ की! तो मोजतोय का? मान खाली घालून हातातल्या एका चकतीकडं बघून राहिलाय. मोजायला लागला की त्याचं काम बिघडतं, कार्ड उलटं आलं की अर्थ उलटा होतो ना, तसं. आणि झालेल्या चकत्या कुठं हायत?"

"खांबावर."

"आणि तुझ्या?"

ट्रंकेत.

"मागं गाव कशाला काढलंय? काम एकांतात करायचं, पण माल गावात जायला पायजे ना!"

राणीनं आठही गोधड्या गॅलरीतल्या दोरीवर टांगल्या. आपा एकेकीवरून हात फिरवत गेल्या. शेवटच्या गोधडीशी थांबल्या.

"ताई, ही शिवताना गाडी पकडायची होती का?"

मग मागं वळून पहिली उतरवली. गालाला लावली.

"ही द्या. नातू आता रांगायला लागला, तरी ह्याच्यावरच निजवते. आणि अशीच अजून एक करा, नणंदेला. पण अश्शीच. बाकीच्या सात तुमच्या देवाला ठेवा."

माझी पहिली विकलेली गोधडी! डोळ्यांत पाणी आलं. हे बाजूलाच पोळी खात उभे होते. म्हणाले, "म्हणजे अभ्रे राहिले."

"राहिले," मी म्हटलं.

तर हिशोब असा, की आठ महिन्यांचं व्रत केलं आणि बक्षीस म्हणून पुन्हा पहिलीच गोधडी शिवायला बसले!

म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या हातचं काही कपाटात, ट्रंकेत पडलं असेल, तर आजच बाहेर काढा आणि चार लोकांना दिसेल असं टांगा. पुढचं मन लावून करा. आणि किती झाले ते मोजू नका. मोजायचं असेल तर मला बोलवा, तेवढं एकच काम मला पक्कं येतं.