पाय माझा, परीक्षा पोरीची

मी पडले ती बोलता बोलता. सायखेड्याला लग्न होतं. एसटीतून उतरताना शेजारच्या बाईला माझ्या जावेची कथा पुरी सांगायची राहिली होती, म्हणून मान मागे आणि पाय पुढे. पायरी वाटली तिथे नव्हती. नडगीचं हाड मोडलं, आणि कथा अर्धीच राहिली याचं वाईट मला जास्त वाटलं.

नाशिकच्या दवाखान्यात मांडीपासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर घातलं. नुसती पाच बोटं बाहेर, नखांना लग्नासाठी लावलेली लालभडक नेलपॉलिश.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सिंगच्या पोरींचा वर्ग माझ्या खाटेभोवती उभा राहिला. त्यांच्या मॅडम कडक, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. इगतपुरीकडची एक बारीकशी पोर पुढे आली. आज तिची परीक्षा होती, आणि ती ओठांतल्या ओठांत तपासणीच्या पायऱ्या घोकत होती. म्हटलं, बिचारी नापास व्हायची! आपल्याकडून काय होईल ते करू.

"मावशी, ही पॉलिश काढावी लागेल. नखाचा रंग बघायचाय."

"काढ गं, लग्न तर हुकलंच."

तिने होस्टेलवरून आणलेल्या रिमूव्हरने नखं पुसली. दुसऱ्या पायाचीही, कारण दोन्ही पाय ताडून बघायचे असतात. मग नख दाबलं की पांढरं, सोडलं की लगेच गुलाबी. बोटं हाताला कोमट. मॅडमने मान हलवली. मला तर पेढे वाटावेसे वाटले.

"दुखतंय का मावशी?"

आता खरं सांगायचं तर सकाळपासून पाय आतून फुटेल की काय असा ठणकत होता. इंजेक्शन दिलं तरी उतार नाही. पण असं सांगितलं तर पोरीने काहीतरी चुकीचं केलं असं मॅडमना वाटेल. मी हसून म्हटलं, "हाड मोडलंय, थोडं दुखणारच की!"

"डोळे मिटा. मी कुठल्या बोटाला हात लावते ते सांगा."

मी मिटले, म्हणजे पापण्या अशा अर्धवट टेकवल्या. खालून सगळं दिसत होतं.

"अंगठा!"

"हे?"

"करंगळी!"

एकही उत्तर चुकलं नाही. शाळेत मी कधी एवढे गुण मिळवले नव्हते.

पोर पुढच्या पायरीवर आली. तिने माझी बोटं हळूच वर वाकवली. अहो, मी अशी किंचाळले की शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या हातातला चहा गादीवर. पोर माझ्याकडे टक लावून बघत राहिली. नुसतं बोट हलवल्यावर इतकं? आणि मग तिने मला पकडलं.

"मावशी, तुम्ही बघताय."

"छे! मी?"

तिने माझाच टॉवेल घेऊन माझ्या डोळ्यांवर पसरला. मी वाट बघत बसले. बराच वेळ काही होईना, म्हणून मीच म्हटलं, "अगं, लाव ना हात! मॅडम खोळंबल्यात."

मग पोरीचा आवाज आला, "मावशी, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मी मघापासून हात फिरवतेय."

टॉवेलाखाली माझं हसू तिथेच विझलं.

मॅडमची चाल एकदम बदलली. पायाखालची उशी काढायला लावली, पाय छातीच्या पातळीत ठेवला, एकीला डॉक्टरांकडे पळवलं. डॉक्टर आले, त्यांनीही बोटं वाकवून बघितली, मी पुन्हा वॉर्ड दणाणून सोडला. आत सूज चढून नसा दाबल्या जात होत्या. नख गुलाबी असलं तरी हे होऊ शकतं म्हणे. वेळ गेला तर पाय कायमचा अधू.

प्लास्टर कापायचं मशीन घरघरायला लागलं तशी मी ओरडले, "पायासकट कापताय का?"

"कातडीला काही होत नाही, मावशी. हात धरा माझा," पोर म्हणाली. मी तिची बोटं अशी आवळली की आता तिचीच तपासणी करावी लागणार होती. प्लास्टर वरून खालपर्यंत चिरलं, आतला कापूसही कातडीपर्यंत कापला. थोड्या वेळाने ठणका उतरू लागला.

"पूर्ण नाही उतरला तर ऑपरेशन करून आतला दाब मोकळा करावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "बोटांवर लक्ष ठेवा."

पोर तिथून हलेना. मध्ये मध्ये येऊन बघायची. मी तिला म्हटलं, "तू पास व्हावीस म्हणून केलं गं मी."

"मावशी, तुमच्या पायाला पास करा आधी," ती म्हणाली. शेजारच्या आजी पदराआडून खुदकन हसल्या, चहाचा राग विसरून.

त्यानंतर ती आली की मीच आपणहून डोळ्यांवर टॉवेल ओढून घ्यायची.

"आत्ता?"

"नाही."

"आत्ता?"

"काहीच नाही." बोलणं बंद पडण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी. घरी जिना होता, आणि अधू पायाने तो चढायचा कसा, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळचा चहा येऊन गेला. ती पुन्हा आली. मी टॉवेल घेतला, श्वास धरून पडले.

"आत्ता?"

"अगं," मी ओरडले, "किती गार हात आहेत तुझे!"