सासूबाईंच्या दुधाला पंचवीस

आमच्या गावात, कळंबच्या अलीकडे, दूध संकलन केंद्र मी चालवते. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, एक वजनकाटा, दुधातली फॅट मोजायचं मशीन, कॅन गार करायला पाण्याचा हौद आणि लॅक्टोमीटर. यातली शेवटची वस्तू सर्वात स्वस्त, आणि गावातली सगळी भांडणं तिच्यावरून होतात.

ती काचेची एक नळी असते. खाली फुगा, फुग्यात शिशाचे छर्रे, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. उंच भांड्यात काठोकाठ दूध ओतायचं, नळी अलगद सोडायची, कडेला चिकटू नये म्हणून बोटाने जरा फिरवायची आणि ती स्थिर झाली की दुधाच्या पातळीला डोळा लावून आकडा वाचायचा. दूध घट्ट असेल तर ते नळीला वर उचलून धरतं, पातळ असेल तर ती खोल बुडते. शून्य दांडीच्या वरच्या टोकाला असतं, खाली जावं तसे आकडे वाढतात. म्हणून नळी जितकी बुडेल तितका आकडा लहान. निव्वळ पाण्यात ती थेट शून्यापर्यंत बुडते. चांगल्या दुधात अठ्ठावीस-एकोणतीसवर उभी राहते.

सत्तावीसच्या खाली आलं तर कॅन घरी परत, हा नियम मीच भिंतीवर रंगवला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नात्यागोत्याची सवलत नाही'. लिहिताना सासूबाईंचा विचार करायची गरज वाटली नव्हती.

सासूबाई पोशीरच्या बाजूला जुन्या घरी राहतात, धाकट्या दिरांकडे. एक गाय पाळतात आणि तिचं दूध माझ्याकडे घालतात. बरीच वर्षं त्या पाऊण तास चालत यायच्या. मागच्या थंडीत दिरांनी बॅटरीवरची स्कूटर घेतली. साजगावच्या कारखान्यात त्यांची सकाळची पाळी असते, तेव्हा जाताना ते आईला माझ्या दारात सोडू लागले. त्यामुळे रांगेत सासूबाईंचा नंबर पहिला.

स्कूटरच्या पहिल्याच सकाळी नळी खोल गेली. मी डोळा लावला, पुन्हा लावला.

"काय आलं गं?" सासूबाई म्हणाल्या.

"पंचवीस."

"कुनाचं?"

"तुमच्या गाईचं, आई."

मागे दहा-बारा माणसं होती. सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

"माज्या गाईला पंचवीस? तिच्या आयेला एकोनतीस यायचं."

"आईचं मी मोजलं नाही आत्ता. हिचं पंचवीस आहे."

त्यांनी चष्मा लावून स्वतः पाहिलं. "ते काचंचं बुडतंय त्याला मी काय करू? त्याला पवायला शिकव."

मी कॅन परत दिला. त्या तो घेऊन चालत घरी गेल्या. त्या दिवशी आमच्याकडे त्यांचा फोन आला तो माझ्या नवऱ्यासाठी, आणि तोही नुसता 'जेवलास का' एवढंच विचारण्यापुरता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंचवीस. रांगेतले एक गृहस्थ, ज्यांच्या म्हशीच्या दुधात फॅट अमावास्येच्या चंद्राइतकी सापडते, ते मागून म्हणाले, "घ्या की वयनी. घरचंच पानी हाय."

लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उभ्या आयुष्यात कुणाच्या दारी उसनं मागायला गेल्या नाहीत, आणि आता भर रांगेत त्यांच्या नावावर पाणी लागलं होतं. मलाही त्यांनी पाणी घातलं असेल असं वाटत नव्हतं. पण मला वाटण्याची नोंद करायला रजिस्टरमध्ये रकाना नाही. कॅन परत.

तिसऱ्या दिवशी पंचवीस येताच त्यांनी कॅन उचलला आणि घरी जाण्याऐवजी हौदात नेऊन ठेवला. मग समोरच्या बाकड्यावर बसल्या.

"आई, काय करताय?"

"बसते. तुजं झालं की परत मोज. माज्यासमोर. तोवर मी हलनार नाय. आन कॅनला बोट लावीन तर शपथ."

"आकडा तोच येणार."

"येऊ दे. मला कुटं पाळी गाठायचीय?"

सगळी रांग संपायला दीड तास लागला. येणारा-जाणारा त्यांना विचारत होता, "काय मावशी, बसलाव?" आणि त्या प्रत्येकाला सांगत होत्या, "सुनेनं बसवलंय." शेवटचा माणूस गेल्यावर, त्या उठाव्यात एवढ्याच हेतूने मी कॅन काढला, दूध ढवळलं, भांड्यात ओतलं आणि नळी सोडली.

साडेअठ्ठावीस.

मी नळी पुसून पुन्हा सोडली. साडेअठ्ठावीस. दीड तास त्या माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नव्हत्या. दुधात घालून आकडा वाढेल असं काही त्यांच्याजवळ नव्हतं, तंबाखूची डबी सोडून.

तेव्हा माझा हात पुन्हा कॅनला लागला. कॅन गार होता. सकाळी तो घेताना हाताला ऊब लागली होती, तीनही दिवस. थंडीत बरी वाटली होती, म्हणून मी काही विचार केला नव्हता.

खणात थर्मामीटर होता. प्रशिक्षणात तो आम्हाला नळीबरोबरच दिला होता आणि बजावलं होतं की नळीचा आकडा सत्तावीस अंशांच्या दुधासाठी आहे. त्याहून गरम दूध पातळ होतं, नळी जास्त बुडते, तेव्हा चार-पाच अंशांमागे साधारण एक आकडा वाढवून धरायचा. मी ते कधी केलं नव्हतं, कारण इथे दूध चालत येतं, रांगेत उभं राहतं आणि माझ्यापर्यंत येईतो आपोआप गार होतं. सासूबाईंचं मात्र आता गाईच्या खालून उठून दहा मिनिटांत नळीखाली येत होतं, अंगच्या उबेसकट. शिवाय खड्ड्यांतून घुसळून फेसासकट, आणि दुधात हवा अडकली तरी नळी बुडतेच.

"आई, चूक माझी होती," मी म्हणाले. "दूध गरम होतं."

"मग गाईचं दूध कसं येतं? बर्फासारखं?"

"मी मोजायला चुकले."

"मला काय सांगतेस? मला म्हाइतच हाय. उद्या त्या रांगेतल्यास्नी सांग."

दुसऱ्या दिवशी त्या दिरांनाही घेऊन आत आल्या. ते घड्याळ बघत म्हणाले, "वहिनी, लवकर आटपा, मला पाळी आहे." सासूबाई म्हणाल्या, "थांब रं. आईचं नाव काय कारखान्यात बनत नाय." मग मी रांगेसमोर दूध तापमानासकट मोजलं. छत्तीस अंश, नळी पंचवीसवर. कॅन हौदात ठेवला आणि सगळ्यांना थांबवलं. कुरकुर झाली, पण रांगेतून गेलं कुणीच नाही; सुनेची चूक फुकटात बघायला मिळत होती. तासाभराने सव्वीस अंश, नळी साडेअठ्ठावीसवर.

"यांच्या दुधात पाणी नव्हतं," मी मोठ्याने म्हणाले. "तीन दिवस मी चुकीचं मोजलं."

म्हशीवाले गृहस्थ छताकडे बघत होते. दीर केव्हाच गेले होते.

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि रजिस्टरवर बोट ठेवलं. "लिव आता. एकोनतीस."

"साडेअठ्ठावीस आलंय, आई."

"एवढं झाल्यावर अर्ध्यासाठी अडून बसतेस?"

"साडेअठ्ठावीस."

त्यांनी रांगेकडे वळून पाहिलं. "बगा," त्या म्हणाल्या, "आन तुमी हिला म्हनत होता घरचं पानी घ्या."

मी साडेअठ्ठावीस लिहिलं आणि पुढच्याचा कॅन मागितला.