डिग्री कमी लागली तर काय कराल?

आमच्या गावच्या दूध डेअरीत माणूस घ्यायचा तर मुलाखत एकाच प्रश्नाची असे. "कुणाचा रं तू?" बापाचं नाव पटलं की नेमणूक. यावर मी संतापून पत्रक काढलं, 'नेमणुका की सोयरीक?', आणि ते ओतूरच्या एसटी स्टँडवर स्वतः वाटलं. चेअरमननी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "लई कळतं ना तुला? मग तूच घे मुलाखती. आमी बसतो बाजूला."

संकलन केंद्रावर एक जागा भरायची होती. ती आमच्या संघटनेतल्या मित्राला हवी होती. दोन वर्षं तो माझ्यासोबत घोषणा देत फिरला होता आणि आता घरचे ऐकेनात. नोकरी नाही तर पुण्याला मामाकडे जा, असं त्यांनी सांगून टाकलेलं. तो लायकच आहे याबद्दल मला शंका नव्हती. न्याय झाला की तोच लागणार, एवढं साधं गणित.

डेअरीनं कामाचं वर्णन दिलं होतं ते एका ओळीचं: 'केंद्रावरील सर्व कामे करणारा, प्रामाणिक, निर्व्यसनी व होतकरू.' प्रामाणिक आहेस का विचारलं तर नाही कोण म्हणेल? म्हणून मी दोन दिवस पहाटे केंद्रावर उभा राहिलो आणि तिथला माणूस खरंच काय करतो ते लिहून काढलं. नमुना घेतो, दुधात पाणी आहे का ते कळायला डिग्री आणि फॅट बघतो, रजिस्टर लिहितो, चिडलेल्या शेतकऱ्याला तोंड देतो. झाले चार निकष. प्रत्येकासमोर एक प्रश्न, त्यापुढे 'उमेदवार काय बोलला' हा रकाना आणि शेवटी एक ते पाच गुण. तपासणी सगळ्यात महत्त्वाची, तिचे गुण दुप्पट धरायचे.

तपासणीचा प्रश्न माझा लाडका होता. 'संचालकाच्या भावाच्या दुधाची डिग्री कमी लागली. काय कराल?' कशाला किती गुण तेही खाली छापलं. त्या भावासमोर नमुना पुन्हा तपासून येईल तोच आकडा लिहिणारा, पाच. न तपासता लिहिणारा, तीन. आकडा न लिहिणारा, एक. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपापला कागद न बोलता भरायचा आणि मगच तुलना करायची. मित्राला प्रश्न सांगितले नाहीत. तत्त्व म्हणजे तत्त्व!

मुलाखतीला चेअरमन, पशुखाद्याचे दुकान असलेले एक शेठ आणि मी. पहिला आला तो चेअरमनच्या साडूचा मुलगा. डिग्रीच्या प्रश्नावर तो म्हणाला, "काकांना विचारून लिहीन." मी आनंदानं एक दिला. शेजारी पाहिलं तर चेअरमननी फूटपट्टीनं कागदावर नवा रकाना आखला होता: 'घराणं'. त्यात पाच.

"हा रकाना नाहीये," मी म्हणालो.

"आता हाय की."

शेठनी हसत तो रकाना खोडला. "राव, नियम सगळ्यांना सारखा."

मग निमगाव साव्याची एक मुलगी आली. तिथल्या केंद्रावर ती वडलांच्या जागी उभी राहायची. ती म्हणाली, "आधी दूध नीट ढवळीन. मग त्यांच्यासमोरच पुन्हा घीन. तरी कमी लागली तर तीच लिहिणार. म्हणीन, भाऊ, तुमीच वाचा, मी काय बोलत न्हाई."

शेवटी माझा मित्र. त्यानं प्रश्न ऐकला आणि उभाच राहिला. "अशा भेसळखोर संचालकांच्या भावांना गावासमोर उघडं पाडीन! केंद्राला टाळं ठोकीन! रस्त्यावर उतरीन!" माझ्या अंगावर काटा आला. मी पाच लिहिले.

कागद एकत्र झाले. बाकीच्या दोघांनी त्याला एकेक दिला होता. चेअरमननी चष्मा पुसला, माझा कागद उचलला आणि 'काय बोलला' या रकान्यात मीच लिहिलेलं मोठ्यानं वाचलं: "टाळं ठोकणार." मग विचारलं, "आकडा कधी लिवणार?"

"लिहील की नंतर."

"टाळं ठोकल्यावर? आन् तवर दूध नासलं तर?"

शेठ हळूच म्हणाले, "तुमचाच नियम आहे भाऊ. भाषणाला पाच कुठं छापलंय?"

मी माझा कागद वरून खालपर्यंत वाचला. कुठंच छापलं नव्हतं. इतका स्पष्ट कागद कुणी करायला सांगितला होता मला? पाचवर काट मारून एक लिहिला आणि शेजारी सही केली. मुलीची बेरीज सगळ्यात पुढे गेली. चेअरमन तर खूश. साडूचा मुलगा पडल्याचं दुःख माझा माणूस पडल्याच्या आनंदात कुठल्या कुठं गेलं.

मित्र बाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. माझं तोंड बघूनच त्यानं ग्लास खाली ठेवला.

"त्या डिग्रीच्या प्रश्नाला किती दिलेस?"

"एक."

"पाचातला?"

"दुप्पट धरले तर दहातले दोन."

त्यानं चहाचे पैसे दिले. फक्त स्वतःच्या चहाचे. आणि पुण्याची गाडी किती वाजता आहे ते टपरीवाल्याला विचारलं.