प्रोव्हिजनलवरचं माहेरचं नाव

निकाल लागला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि माझी मुलगी एकोणीस. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आणि मी दूरशिक्षणातून बी.ए.च्या तिसऱ्या. दोघींच्या परीक्षा एकाच महिन्यात आल्या होत्या. त्यामुळे आमच्या लालबागच्या दोन खोल्यांत टीव्हीला रजा आणि नवऱ्याला कुकर लावायची ड्यूटी. मोबाइलवर माझा निकाल तिनेच उघडला आणि एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या वहिनी दार ढकलून आत आल्या. त्यांना वाटलं, घरात साप निघाला.

मी त्याआधी बरीच वर्षं आमच्या गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसायचे. नंबर द्यायचे, केसपेपर काढायचे, रडणाऱ्या पोरांना खिडकीतलं कबूतर दाखवायचे. डॉक्टरांनी वयामुळे दवाखाना बंद करायचं ठरवलं आणि परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात माझं नाव सुचवलं. तिथे रुग्ण नोंदणीच्या काउंटरवर जागा होती, पण अट एकच, उमेदवार पदवीधर हवा. मुलाखत झाली, निवड झाली, ऑफर लेटर आलं. त्यात जॉइनिंगची तारीख होती आणि खाली कागदपत्रांमध्ये पहिलाच मुद्दा होता पदवी प्रमाणपत्राचा.

मी एचआरमधल्या मुलीला फोन केला. ती माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असावी.

"मॅडम, निकाल लागलाय, मार्कशीट पण हातात आलीय. पण पदवी कॉन्व्होकेशन झाल्यावर मिळते, आणि ते व्हायला अजून काही महिने आहेत."

"काकी, मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणा ना. तोपर्यंत तेच चालतं. पण जॉइनिंगच्या दिवशी ते लागेलच हां."

तिने मला काकी म्हटलं आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली.

विद्यापीठाच्या साइटवरून मुलीने अर्ज उतरवून घेतला. भराभर टाइप केलं, फी ऑनलाइन भरली आणि प्रिंट काढून माझ्यासमोर धरली. "आई, फक्त सही."

मी चष्मा न लावता सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, त्यांच्या झेरॉक्स, फीची पावती, आधार आणि ऑफर लेटर असं सगळं एका फाइलमध्ये घालून विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात पोचले. प्रमाणपत्रांच्या खिडकीपुढे सगळी विशी-बाविशीची पोरं. माझ्या पुढच्या मुलाने मागे वळून मला अगदी अदबीने विचारलं, "मुलाचं काम आहे का, आंटी?"

"नाही रे, माझंच."

"सही आहे!" तो म्हणाला आणि पुढच्या दोघांना सांगून आला. एवढ्यात माझ्यासाठी रांगेतून खुर्ची सरकत आली. नको म्हणायचा धीर झाला नाही, बसले.

खिडकीवरच्या बाई माझ्याच वयाच्या होत्या. केसांत अबोलीचा गजरा, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी आधी ऑफर लेटर वाचलं. "जॉइनिंग जवळ आहे, म्हणजे तातडीच्या अर्जात घेऊ," म्हणाल्या. मग मूळ मार्कशीट आणि झेरॉक्स शेजारी ठेवून एकेक पान जुळवलं. शेवटी माझा अर्ज उचलला आणि थांबल्या.

"हे कोण?"

"मीच."

"आणि हे?" त्यांनी बोट मार्कशीटवर ठेवलं. तिथे माझं लग्नाआधीचं नाव होतं. माहेरचं आडनाव, मधे बाबांचं नाव.

"ते पण मीच. लग्नाआधीची."

बाई हसल्या. काय झालंय ते मला तेव्हा कळलं. बारावीच्या मार्कशीटवरून प्रवेश घेतला होता, त्यामुळे तीन वर्षं सगळीकडे तेच नाव चाललं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये हजेरी घेताना ते नाव पुकारलं की मी हात वर करायचे आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. पण मुलीने अर्ज भरताना समोर आधार ठेवलं होतं. त्यावर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव.

"बघा," बाई समजावून सांगू लागल्या, "प्रोव्हिजनलवर आम्ही तेच नाव छापतो जे मार्कशीटवर असतं. दुसरं नाही छापता येत."

"मग आता नाव बदलून घेऊ का?"

"बदलता येतं. लग्नाची नोंदणी किंवा राजपत्र लावून वेगळा अर्ज करायचा. पण त्यात आधी रेकॉर्ड बदलतं, मग मार्कशीट नव्याने निघतात, आणि नंतर पुढचं सगळं. तुमची जॉइनिंग त्याच्याआधी येऊन जाईल." त्या जरा पुढे वाकल्या. "आत्ता हवं असेल तर आहे त्या नावाने घ्या. पदवी छापायला जायच्या आत नावाचा अर्ज दिलात तर पदवीवर नवं नाव येऊ शकतं. ते तुम्ही सावकाश ठरवा. फक्त हा अर्ज मार्कशीटप्रमाणे परत भरा, आणि आधारवर नाव वेगळं असल्यामुळे विवाह नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा."

"पण हॉस्पिटलने नाही चालवलं तर?"

"ते त्यांनाच विचारा. बाहेर जाऊन फोन करा, मी तुमची जागा ठेवते."

मी बाहेर जिन्यात उभी राहून एचआरच्या मुलीला फोन लावला. दवाखाना बंद व्हायला आलेला, आणि माझी पदवी बहुधा दुसऱ्याच बाईच्या नावावर. सगळं ऐकून ती मुलगी म्हणाली, "अहो काकी, हे आमच्याकडे रोजचंय. नर्सेसपैकी कितीजणींचं असंच असतं. मॅरेज सर्टिफिकेट द्या आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आणा. बस."

लग्नाची नोंदणी आमच्याकडे होती. लग्न झालं सिंधुदुर्गात, सासऱ्यांच्या अंगणात, पण पुढे घर नवऱ्याच्या नावावर करताना कोणीतरी सांगितलं म्हणून नोंदणी करून घेतली होती. तेव्हा त्या कामाला मी चरफडतच गेले होते. आता मनातल्या मनात त्या सांगणाऱ्याला हात जोडले.

दाखला मात्र घरी होता. बाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "उद्या या. अर्ज इथेच बसून नव्याने भरा, म्हणजे उद्या फक्त जोडायचं."

मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज भरला. या वेळी चष्मा लावून. आडनाव लिहिलं, माझं नाव लिहिलं, मग बाबांचं. इतक्या वर्षांनी हे नाव मी स्वतःच्या हाताने सलग लिहीत होते. सही करताना अडले. माहेरच्या आडनावाची माझी सही कशी होती ते आठवेना. शेजारी तो मघाचा मुलगा बसला होता. म्हणाला, "आंटी, परीक्षेत जशी करायच्या तशीच करा ना." खरंच की! परीक्षेत मी नुसतं पहिलं नाव लिहून खाली रेघ ओढायचे. तशीच केली.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा मुलीने कपाळावर हात मारला. "आई, सॉरी गं, मी आधार बघून भरलं." नवरा कुकरची शिट्टी मोजत उभा होता. मी त्याला सरळच विचारलं, "पदवीवर माहेरचं नाव राहिलं तर तुला चालेल?"

"अभ्यास तू केलास. मी फक्त भात लावला," तो म्हणाला. "मला कशाला विचारतेस?"

सासूबाई कॉटवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचं मत कोणी विचारलं नव्हतं, पण ते आलंच. "गे, नोकरी तुकाच गावली मां? मगे नाव खयचाय असांदे." नाव कुठलंही असो, त्यांच्या लेखी विषय संपला.

दुसऱ्या दिवशी अर्ज स्वीकारला गेला, पोच मिळाली. त्याच आठवड्यात दादरला नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं आणि तिथून मुलीने मला ओढत हिंदमाताच्या कापडबाजारात नेलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर फिक्या रंगाची साडी किंवा ड्रेस चालणार होता. तिने मला तीन कुर्ते घ्यायला लावले, त्यातला एक मोरपिशी. मी म्हटलं, फिका कुठेय हा? तर म्हणे, सुट्टीच्या दिवशी घाल.

जॉइनिंगच्या आधी प्रोव्हिजनल तयार असल्याचा मेसेज आला. खिडकीवर त्याच बाई होत्या. त्यांनी मला आधी वाचायला लावलं. नाव, विषय, श्रेणी, परीक्षेचं वर्ष. "चूक असेल तर आत्ताच सांगा, नंतर तुम्हालाच हेलपाटे." चूक नव्हती. खाली लिहिलं होतं की मूळ पदवी दीक्षान्त समारंभानंतर देण्यात येईल. मी पोचेवर सही केली, न अडता.

"अभिनंदन हां," बाई म्हणाल्या, आणि लगेच पुढच्याला, "हां, बोला."

मी तिथून घरी न जाता बस पकडून गिरगावात गेले. बाबा भावाकडे असतात. पोर्टातल्या हापिसात आयुष्यभर कारकुनी केलेला माणूस, त्यामुळे कुठलाही कागद हातात दिला की ते आधी तो उजेडाकडे धरतात. तसाच धरला. वरपासून खालपर्यंत वाचला. बारावीनंतर मला शिकायचं होतं, त्याच सुमारास चांगलं स्थळ आलं, आणि पुढचं राहून गेलं. यावर आमच्यात कधी बोलणं झालं नव्हतं. मला वाटलं, आता काही बोलतील.

"शिक्का स्वच्छ उठलाय," बाबा म्हणाले.

"बाबा, नाव बघा ना."

"बघितलं की." त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला, सुरकुती नसतानाही. "माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर घातलंय त्यांनी. माझ्या पेन्शनच्या कागदात चुकवलं होतं." मग वहिनीला हाक मारली, "अगं, चहा टाक. आणि खालून काहीतरी गोड मागव. आपल्या घरात पदवी आलीय."

आपल्या घरात. मी वहिनीला मदत करायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि डोळे पुसून आले. बाहेर येईपर्यंत बाबांनी शेजारच्या खोलीतल्या काकांना बोलावून कागद दाखवायला सुरुवात केली होती. काकांना तो हातात मात्र घेऊ दिला नाही.

जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या मुलीने प्रोव्हिजनल, विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र सगळं मुळाशी ताडून पाहिलं आणि झेरॉक्स ठेवून घेतल्या. पदवी मिळाल्यावर सादर करीन अशा हमीपत्रावर माझी सही घेतली. "काकी, इथे सासरच्या नावाची सही करा हां," ती हसत म्हणाली. मी केली.

मग तिने मला खाली नोंदणीच्या काउंटरवर नेऊन सोडलं. तिथल्या जुन्या बाईंनी मला शेजारची खुर्ची दिली, कॉम्प्युटर कसा उघडायचा ते दाखवलं आणि विचारलं, "डबा आणलायस ना? एक वाजता आपण सगळ्या एकत्र बसतो."

आणला होता. नवऱ्याने भरला होता, भात जरा जास्तच होता. वाटून खाल्ला.