सिम तेवढं माझ्या अंगावर फेकलं

माझा दीर फोन घेऊन गेला, तेव्हा त्यातलं सिम काढून त्याने माझ्या अंगावर फेकलं. "हे घे तुयं सिम. फोन माह्या भावाचा होता, आता माहा." मालकांना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

फोनात पैशाचं अ‍ॅप होतं. कोशाच्या साड्यांचा बयाणा त्याला जोडलेल्या माझ्या खात्यात आला होता, त्यातून मला धागा आणायचा होता. धागा नाही तर माग बंद, आणि माझ्या घरात मागाशिवाय दुसरी कमाई नाही. अ‍ॅप फोनात त्यानेच घालून दिलेलं, पिनही त्याला पाठ. त्या पैशात मोटरसायकल घेणार म्हणून गल्लीभर सांगत फिरला मेला!

मी अंगणवाडीच्या ताईंकडे गेले. त्या हसल्याच. "काहून रडून राहिली वं? फोन नेला त्यानं, नंबर त तुयाच हातात हाय."

त्यांनी आपला जुना फोन दिला. त्यात माझं सिम घातलं, रिचार्ज मारला, अ‍ॅप टाकलं. अ‍ॅपने आपणहून एक मेसेज पाठवला, माझ्या नंबरावरून. मेसेज कोणत्या नंबरावरून आला ते पाहिलं जातं, तो बँकेतल्या नंबराशी जुळला की अ‍ॅप त्या फोनाला बांधलं जातं आणि जुन्या फोनातलं बंद पडतं. जरा वेळाने माझं खातं समोर आलं. आधी पिन बदलला. नव्या फोनावरून पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही म्हणाल्या, म्हणून थांबले. दीर दोन दिवस त्या नेलेल्या फोनावर व्हिडिओच पाहत होता, अ‍ॅप उघडलंही नाही. मी कोणाला चकार शब्द बोलले नाही. मजा येत होती मला, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी शहापूरच्या शोरूममधून त्याचा फोन आला. आवाज पार मवाळ. "वहिनी, अ‍ॅप पुन्हा नंबर तपासून मांगते. माह्या सिमवरून मेसेज गेला, त म्हणते या नंबराचं खातंच नाही. तुयं सिम घेऊन येतं का? लोक पाहून राहिले."

"येतो ना भाऊजी. तुमी तिथंच बसा."

मग मी बस पकडली, ती धाग्याच्या दुकानाकडे जाणारी. पैसे दिले, गठ्ठा घेतला. वाटेत त्याचे आणखी तीन फोन आले. दर वेळी मी म्हटलं, "निघाली, निघाली." शोरूमचं शटर पडेपर्यंत बसला होता म्हणे, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन.

घरी आला तो थेट माझ्या दारात. "सिम कुठं हाय?"

मी मागावर धागा चढवत होते. मान वर केली नाही.

"माह्या फोनात हाय, भाऊजी. तुमीच त देलं."