नाव नसलेला दुकानदार

गुळाच्या ढेपेचा वास आला की ती संध्याकाळ आठवते. भंडाऱ्याला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी दुकानात एक दलित आत्मकथन मोठ्याने वाचत होती. त्यातला दुकानदार पसरलेल्या हातांत गूळ वरून टाकतो, शिवत नाही. माझ्या बापाचीही त्याच्या दुकानात तीच रीत होती. मी भडकलो, "या लेखकानं दुकानदाराचं नाव काहून नाही लिहिलं? साक्ष देऊन राहिला का गोष्ट सांगून राहिला?" "दोन्ही, बाबा. तो 'मी' नाही, 'आम्ही' म्हणते. लहान पोराच्या नजरेनं सांगते, राग यायचं काम वाचणाऱ्यावर सोडते. नाव असतं तर एकच दुकानदार दोषी झाला असता." हे दुकान बापाचं नाही, मी माझ्या हिमतीवर उभं केलं, तरी आजही समोर गिऱ्हाइकानं हात पसरला की वाटतं, हा बोलत नाही, लक्षात ठेवतो आहे.